मशेरीबद्दल बोलताना "हो, पण..." ऐकू आलं तर



गटात मशेरीचा विषय निघाला की आपण लगेच सुरू होतो, "अगं सोड ती, कॅन्सर होतो." समोरची मान हलवते आणि म्हणते, "हो, पण..." हे "हो, पण" ऐकू आलं की ओळखायचं, आपण तिला ढकलतोय. तंबाखू वाईट हे तिला माहीत असतंच. सोडण्याची बाजू आपणच घेतली की तिच्याकडे मशेरीची बाजू उरते, आणि ती मांडता मांडता तिला स्वतःलाच जास्त पटत जाते.

अमेरिकेतले विल्यम मिलर दारू सोडवण्याचं काम करायचे. त्यांनी 1983 मध्ये वेगळी पद्धत मांडली: सोडण्याची कारणं तिच्याच तोंडून येऊ द्यायची. त्यासाठी ती बोलली त्याचा अर्थ आपल्या शब्दांत तिला परत सांगायचा. प्रश्न करून नाही, साधं वाक्य म्हणून. "त्रास होतो का?" विचारलं की ती हो-नाही म्हणून गप्प बसते. "त्रास होतो तुम्हाला," असं हळू आवाजात म्हटलं की ती पुढे बोलते.

समजा, एक काकी आणि गटातली ताई बोलतायत.

काकी: मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही गो. पंचवीस वर्षं झाली.
ताई: तिच्याशिवाय दिवसच सुरू होत नाही.
काकी: तसंच. पण नात जवळ आली की म्हणते, आजी, वास येतो.
ताई: ते मनाला लागलं तुमच्या.
काकी: लागणारच. परवा तर डबीला हात घालत होती. ती पण शिकली तर?
ताई: एकीकडे पोटाची काळजी आहे, आणि नातीला ही सवय लागू नये असंही वाटतंय.
काकी: (जरा थांबून) दुपारची तरी बंद करायला हवी. तेव्हा ती शाळेतून येते.
ताई: कसं जमवाल?
काकी: डबी माळ्यावर ठेवीन. जेवल्यावर बडीशेप खाईन.

पहिल्याच वाक्याला ताई "पोटाचं काही नसतं हो" म्हणाली असती तर नातीची गोष्ट बाहेरच आली नसती. दोन्ही बाजू सांगताना तिने मधे "आणि" घातलं, "पण" नाही, कारण "पण" म्हटलं की आधीचं खोडल्यासारखं होतं. बदलाची बाजू शेवटी ठेवली, कारण शेवटचं ऐकलेलंच माणूस पुढे नेतं.

माहिती द्यायची तर आधी विचारायचं, "पोटाबद्दल एक सांगू का?" काकी म्हणते ते खोटं नाही. निकोटिनने आतडी हलतात, म्हणून बंद केल्यावर काही दिवस पोट जड राहतं, चिडचिड होते, डोकं दुखतं. भरपूर पाणी आणि पालेभाजी याने पोटाला बरं पडतं. जास्तच ओढ वाटली तर 1800-11-2356 या मोफत नंबरवर सल्ला मिळतो.

दुपारची बंद झाली म्हणजे मशेरी सुटली असं नाही. पुढच्या बैठकीत काकी म्हणाली, "दोन दिवस लावलीच," तर ताईने म्हणावं, "म्हणजे बाकीचे पाच दिवस राहिलात." मग थांबावं, काकीच सांगेल कसं जमलं ते.

मात्र तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड नीट उघडत नसेल, तर तिथे वाट बघायची नाही. सरळ सांगायचं आणि काकीबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं.