विमा पॉलिसीच्या शेड्यूलवरून यंत्रांची नोंदवही

पॉलिसीचे पाकीट घरी येते, त्यात आठ-दहा कागद असतात, आणि शेवटी यंत्रांची यादी असलेला एक कागद असतो. त्यालाच शेड्यूल म्हणतात. आपले बहुतेक बांधव हप्त्याची पावती तेवढी पाहतात आणि पाकीट कपाटात टाकतात. मग एखाद्या पावसाळी रात्री विजेच्या चढउताराने मोटार जळते, सर्वेअर येऊन विचारतो, ‘यादीतली कुठल्या ओळीवरची मोटार ही?’ आणि तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हा प्रश्न त्या दिवशी सुटत नाही. तो आधी, निवांत बसून, शेड्यूलवरून नोंदवही तयार करून सोडवावा लागतो. ही वही कारभार पाहणाऱ्या प्रशासनप्रमुखाच्या हातात द्यायची असते. लहान कारखान्यात हा माणूस म्हणजे कचेरी सांभाळणारा धाकटा भाऊही असू शकतो. त्याला लेथ चालवता येत नसेल, पण वही हातात घेऊन शेडमध्ये गेल्यावर प्रत्येक नोंदीवर बोट ठेवता आले पाहिजे.

उदाहरणासाठी कामशेतला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत फॅब्रिकेशनची एक शेड आहे असे धरू. तिच्या शेड्यूलमध्ये पाच ओळी आहेत: सहा फुटी लेथ ४,००,००० रुपये, वेल्डिंग सेट ३ नग १,५०,०००, मोटारीसह कॉम्प्रेसर ९०,०००, २५ केव्हीएचा जनरेटर ३,५०,०००, आणि पिलर ड्रिल ६०,०००. बेरीज १०,५०,०००. ओळी पाच, पण शेडमध्ये यंत्रे सात. गोंधळाला सुरुवात इथूनच होते.

पहिले काम म्हणजे वर्णन जसेच्या तसे उतरवणे. शेड्यूलमध्ये जे शब्द आहेत तेच, त्याच क्रमाने, ओळीच्या क्रमांकासह लिहावेत. आपल्याकडे कारागीर त्याला ‘मोठा लेथ’ म्हणत असतील तर ते नाव शेजारच्या रकान्यात, यंत्राच्या जागेसह लिहावे. दोन्ही एकत्र करून नवे वर्णन बनवू नये. विमा कंपनी स्वतःचे शब्द ओळखते, कारागीर स्वतःचे, आणि प्रशासनप्रमुखाला दोघांशी बोलायचे असते.

वेल्डिंग सेटच्या ओळीत हात थांबवावा. तीन नग आणि १,५०,००० म्हणजे प्रत्येकी ५०,०००, असा सरळ भागाकार मनात येतो. पण दोन सेट जुने ट्रान्सफॉर्मरचे आणि एक नवा इन्व्हर्टरचा असेल तर हा भागाकार आपण रचलेला आकडा ठरतो. तो शेड्यूलमध्ये कुठेही नाही. तिन्ही सेटना स्वतंत्र ओळ द्यावी, १,५०,००० फक्त पहिल्यासमोर लिहावेत आणि उरलेल्या दोघांसमोर ‘वरील गटात’ एवढेच लिहावे. काही जण तिन्हींसमोर १,५०,००० लिहितात. मग वहीची बेरीज १३,५०,००० येते. म्हणून बेरीज शेड्यूलच्या बेरजेशी ताडून पाहिल्याशिवाय वही पुरी झाली असे मानू नये. ३,००,००० चा फरक दिसला की चूक कोठे आहे ते लगेच कळते.

आता अनुक्रमांक. सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्याचे कारण असे की एका यंत्रावर एकच क्रमांक नसतो. जनरेटरला इंजिनाचा क्रमांक वेगळा, अल्टरनेटरचा वेगळा, आणि पुष्कळदा संपूर्ण सेटचा आणखी तिसरा. कॉम्प्रेसरला टाकीवर एक, पंपावर एक, मोटारीवर एक. शेड्यूल भरणाऱ्याने जी पाटी हाताशी सापडली ती लिहिलेली असते. शेड्यूलमध्ये इंजिनाचा क्रमांक आहे आणि तपासणारा अल्टरनेटरची पाटी वाचतो, तर त्याला यंत्रच बदलले असे वाटेल. यासाठी ‘हा क्रमांक कशाचा’ असा एक रकाना ठेवावा. मोटारीच्या पाटीवर फ्रेमचा आणि टाइपचाही क्रमांक असतो. तो त्या नमुन्याच्या सगळ्या मोटारींवर सारखाच येतो. दोन यंत्रांना एकच क्रमांक आला तर बहुधा हाच घोळ झालेला असतो.

मावळातल्या पावसाने पाट्या गंजतात. रॉकेलचा बोळा फिरवून त्यावर खडूची पूड चोळली की ठोकलेले आकडे उठून दिसतात. लेथवर पाटी नसेल तर बेडच्या टोकाला ठोकलेला आकडा शोधावा. तिथेही नसेल तर ‘क्रमांक नाही’ असे लिहावे आणि आपला रंगवलेला क्रमांक वेगळ्या रकान्यात द्यावा. रकाना कोरा ठेवू नये. कोऱ्या जागेचा अर्थ ‘पाहिले नाही’ असाही होतो.

समजा शेड्यूलमध्ये शेवटचा आकडा १ आहे आणि पाटीवर ७. इथे पुष्कळ लोक वहीत गुपचूप ७ लिहून मोकळे होतात. असे करू नये. ‘शेड्यूलप्रमाणे’ आणि ‘पाटीप्रमाणे’ असे दोन रकाने ठेवून दोन्ही लिहावेत, पाटीचा फोटो काढावा आणि दुरुस्तीसाठी विमा कंपनीला लेखी कळवावे. कंपनीकडून दुरुस्तीपत्र, म्हणजे एन्डॉर्समेंट, आले की त्याचा क्रमांक व तारीख त्याच ओळीत लिहावी. तोवर पॉलिसीत चुकीचाच आकडा आहे, हे प्रशासनप्रमुखाला दिसत राहिले पाहिजे.

वही संगणकावर एक्सेलमध्ये करणार असाल तर क्रमांकाचा रकाना आकडे भरण्यापूर्वीच Text करून घ्यावा. नाहीतर 004517 चे 4517 होते, आणि 3E05 लिहिले की पडद्यावर 3.00E+05 उमटते. संगणक त्याला आकडा समजतो. आपल्यासाठी ते यंत्राचे नाव असते.

राहिली रक्कम. शेड्यूलमधली विम्याची रक्कम आणि हिशेबनिसाच्या वहीतली घसारा वजा जाता उरलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत शेड्यूलचीच रक्कम उतरवावी. शेजारी मात्र ‘आज तसेच नवे यंत्र घेतल्यास’ हा रकाना जरूर ठेवावा. यंत्र बिघाडाच्या विम्यात रक्कम त्याच जातीच्या आणि क्षमतेच्या नव्या यंत्राच्या किमतीएवढी, वाहतूक व उभारणीचा खर्च धरून, असावी लागते.

आपल्या लेथचेच पाहा. शेड्यूलमध्ये ४,००,०००, पण तसाच नवा लेथ आज बसवून घ्यायला ६,००,००० लागतात असे धरू. बिघाड झाला आणि दुरुस्तीला ९०,००० लागले. विमा दोन तृतीयांश किमतीचाच असल्याने भरपाईही दोन तृतीयांश, म्हणजे ६०,०००, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. ३०,००० आपल्या गल्ल्यातून गेले. ड्रिलची रक्कम जास्त लिहिली होती, ती इकडे धरा, असे म्हणता येत नाही. ही तुलना प्रत्येक ओळीची स्वतंत्र होते. आगीच्या विम्याचे नियम वेगळे आहेत. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम माफ आहे. म्हणून कोणती ओळ कोणत्या पॉलिसीतली, हेही वहीत असावे.

वहीच्या पहिल्या पानावर पॉलिसीचा क्रमांक, मुदत, कर्ज असल्यास बँकेचे नाव, आणि कोणी कोणत्या तारखेला यंत्रासमोर उभे राहून तपासले ते लिहून सही घ्यावी. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी प्रशासनप्रमुखाने ज्या ओळीत दोन्ही क्रमांक जुळत नाहीत, किंवा नव्या यंत्राची किंमत विम्याच्या रकमेपेक्षा जास्त आहे, तेवढ्याच ओळी वेगळ्या कागदावर काढून एजंटाला द्याव्यात. आपल्या उदाहरणात त्या कागदावर लेथ असेल, आणि स्वतंत्र रकमा मागण्यासाठी तीन वेल्डिंग सेट.