अध्ययन रजेचा अर्ज आणि कार्यसातत्याची योजना

मागील घटकात आपण किरकोळ रजेच्या अर्जाचा विचार केला. अध्ययन रजेच्या अर्जाचे स्वरूप त्याहून वेगळे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनुसार रजा हा कर्मचाऱ्याचा हक्क ठरत नाही; लोकसेवेच्या निकडीमुळे ती नाकारता येते. अध्ययन रजेसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा आणि अभ्यासक्रमाचा कर्तव्याशी निकटचा संबंध अपेक्षित असतो. म्हणून अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात दोन प्रश्न असतात : या शिक्षणाचा कार्यालयाला काय उपयोग, आणि तोवर येथील काम कोण करणार? पहिल्याचे उत्तर बहुतेक अर्जांत सापडते, दुसऱ्याचे क्वचितच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साताऱ्यातील एका शासकीय कार्यालयात आठ वर्षे सेवा झालेल्या एक वरिष्ठ लिपिक आहेत. वेतन देयके तयार करणे, आवक टपालाची नोंद ठेवणे आणि माहिती अधिकाराच्या अर्जांवरील उत्तरांचे मसुदे तयार करणे ही त्यांची कामे. त्यांना सांगली येथे ८ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात लेखाविषयक अभ्यासक्रम करावयाचा आहे. रोज ये-जा करून तो पूर्ण होणार नाही. त्यांच्या पहिल्या मसुद्यात असे वाक्य होते :

'माझ्या अनुपस्थितीत सर्व कामे वेळेत पूर्ण केली जातील.'

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात कर्ता नाही. कर्मणी रचनेत कर्ता वगळता येतो, आणि कार्यालयीन मराठीला ही सोय फार प्रिय आहे. जेथे कर्ता सर्वांना ठाऊक असतो तेथे ती चालते. येथे मात्र 'कोण करणार?' हाच प्रश्न आहे आणि वाक्य नेमके तेच झाकते. हे तपासण्याची रीत सोपी आहे : योजनेतील प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' आणि 'केव्हापर्यंत?' असे विचारावे. उत्तर न मिळाल्यास वाक्य पुन्हा लिहावे.

दुसऱ्या मसुद्यात त्यांनी लिहिले : 'कनिष्ठ लिपिक माझे काम पाहतील.' आता कर्ता आला, पण अधिकाराची मर्यादा ओलांडली गेली. सहकाऱ्याला काम नेमून देणे हा कार्यालय प्रमुखांचा अधिकार आहे. अर्जदाराने केवळ प्रस्ताव मांडावयाचा असतो. अशा वेळी विध्यर्थी रूप उपयोगी पडते. अंतिम अर्जाचा मुख्य भाग असा झाला :

'महोदय,
सांगली येथील लेखाविषयक अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे. वेतन देयकांतील वजातींची पडताळणी हा त्याचा एक भाग असून तो माझ्या सध्याच्या कामाशी थेट संबंधित आहे. तरी मला दि. ८ जानेवारी ते २ फेब्रुवारी या कालावधीची अध्ययन रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

जानेवारीच्या वेतन देयकाची प्राथमिक माहिती मी दि. ५ जानेवारीपर्यंत भरून ठेवीन. त्यानंतरचे बदल करून देयक सादर करण्याचे काम, तसेच आवक टपालाची नोंद, कनिष्ठ लिपिक (आस्थापना) यांच्याकडे सोपवावी. दि. १ जानेवारी रोजी प्राप्त झालेल्या माहिती अधिकार अर्जाची मुदत ३१ जानेवारीस संपते. त्याच्या उत्तराचा मसुदा मी रजेवर जाण्यापूर्वी सादर करीन. पुढील कार्यवाही कार्यालय अधीक्षकांकडे द्यावी. दोघांची लेखी संमती सोबत जोडली आहे.'

येथे 'ठेवीन', 'करीन' ही प्रथमपुरुषी रूपे अर्जदाराने स्वतः पत्करलेली जबाबदारी दाखवतात. 'सोपवावी', 'द्यावी' ही रूपे निर्णय अधिकाऱ्याकडे ठेवतात. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार उत्तरासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात. लिपिक रजेवर असल्याने ती मुदत थांबत नाही, म्हणून अशा कामाची तारीख योजनेत स्वतंत्रपणे नोंदवावी. संगणक प्रणालीचा स्वतःचा पासवर्ड सहकाऱ्याला देण्याची तोड मात्र सुचवू नये, कारण त्याने केलेली नोंद अर्जदाराच्या नावावर चढते. सहकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रवेशाधिकाराची मागणी अर्जातच करावी.

अर्ज पाठवण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. कार्यालयानेच प्रशिक्षणासाठी पाठविले असेल, तर तो काळ सहसा कर्तव्यकाळ मानला जातो आणि रजेचा अर्ज लागत नाही. खासगी संस्थेत असाल, तर तेथील सेवानियम पाहावेत.

स्वाध्याय : आपल्या कामांपैकी रजेच्या काळात मुदत संपणारी तीन कामे निवडा. प्रत्येकासाठी एक प्रथमपुरुषी आणि एक विध्यर्थी वाक्य लिहा. त्यांतील एकाही वाक्यात कर्ता किंवा तारीख अध्याहृत राहिली नाही ना, हे तपासा.