गॉगल फिरवून बघा

गुलमंडीत प्रस्तुत लेखकाने ‘पोलरॉइड’ म्हणून जास्तीचे पैसे मोजून गॉगल घेतला. दुकानदाराने दोन गॉगल एकावर एक धरले, पलीकडचं जवळपास दिसेनासं झालं आणि तो म्हणाला, “बघा साहेब, ओरिजिनल!” सलीम अली सरोवराच्या काठावर मात्र पाण्याची चकाकी तशीच राहिली. गॉगल डोळ्यांसमोर आडवा धरला, उभा धरला, चकाकीत तसूभर फरक नाही. नुसती काळी काच गळ्यात मारली होती! जाब विचारला तर उत्तर मिळालं, “डोळ्यांना सवय होऊ द्या.”

दोन काळ्या काचा एकावर एक ठेवल्या की अंधार वाढणारच. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरी ओळख पटते ती एक काच दुसरीवर गोल फिरवल्यावर. दोन्ही पोलरॉइड असतील तर सरळ धरल्यावर जेवढा प्रकाश येतो त्याचा पाऊण भाग ३० अंशांवर उरतो, ४५ वर निम्मा, ६० वर पाव आणि ९० अंशांवर जवळपास काहीच नाही. कोनाच्या कोसाइनचा वर्ग, हा मालसचा नियम. साधी काळी काच कितीही फिरवा, उजेड तेवढाच.

दुकानात दुसरा खात्रीचा गॉगल नसला तरी अडत नाही. काउंटरची आडवी काच पुरते. काचेवरून परावर्तन होताना प्रकाशाची दोन कंपनं वेगळी वागतात. आपाती किरण आणि काचेवरचा लंब ज्या प्रतलात असतात, त्या प्रतलातल्या कंपनाचं परावर्तन एका ठराविक कोनात शून्य होतं. उरतं ते आडवं कंपन, आणि पोलरॉइड गॉगल नेमकं तेच अडवतो. हा कोन डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडला: त्याचा टॅन्जंट म्हणजे काचेचा अपवर्तनांक. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणून कोन लंबापासून सुमारे ५६ अंश.

कोनमापक लागत नाही. डोळे काचेपासून ४० सेंटीमीटर उंच असतील, तर ६० सेंटीमीटर पुढच्या जागेकडे बघावं. उंचीच्या दीडपट अंतर की कोन साधला. तिथे ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसेल असं उभं राहावं आणि एक डोळा मिटून गॉगलच्या एकाच काचेतून बघावं. गॉगल नेहमीसारखा धरल्यावर प्रतिबिंब जवळपास पुसलं जातं, काटकोनात फिरवल्यावर परत उजळतं. असं झालं तरच पैसे द्यावेत. पाण्यासाठी हेच गुणोत्तर १.३३ आहे.

आरशावर मात्र ही परीक्षा करू नये. तिथे परावर्तन मागच्या धातूच्या थरातून होतं आणि धातूवर कुठल्याच कोनात ते शून्य होत नाही. खरा गॉगलही तिथे खोटा वाटेल. आणि तपासलेला गॉगल स्वतःच्या हाताने पिशवीत टाकावा. “आतून नवा पीस आणतो” म्हणत दुकानदार उठला, तर तो नवा पीसही त्याच काचेवर फिरवून बघावा.