शिक्षेआधी कोर्टाला काय सांगावं

पुणे-नाशिक महामार्गावर, कुरुळी फाट्याजवळ, दुसरी शिफ्ट सुटल्यावर घरी येणाऱ्या दादाच्या दुचाकीला कंटेनरने मागून उडवलं. खटला खेडच्या कोर्टात चालला. दादा गेल्यानं घरावर काय ओढवलं, हे शिक्षा ठरण्याआधी न्यायाधीशांसमोर लेखी मांडायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून कळलेल्या गोष्टी लिहितो, म्हणजे पुढच्या घराला चाचपडावं लागणार नाही.

१. निकालाच्या दिवसाची वाट पाहू नका.

आमची घटना १ जुलै २०२४ आधीची, म्हणून गुन्हा जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली होता. त्यात शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, त्यामुळे तो समन्स खटला ठरतो. अशा खटल्यात दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी वेगळी सुनावणी घेण्याचं बंधन नाही. दोषी आणि शिक्षा, दोन्ही एकाच बैठकीत उरकू शकतं. म्हणून साक्षीपुरावा संपला की लगेच सहायक सरकारी वकिलांना भेटा. पुराव्यानंतर कोर्टाची परवानगी घेऊन आपल्या वकिलाला लेखी युक्तिवाद देता येतो, त्याला निवेदन जोडा. ते परस्पर न्यायाधीशांकडे नेऊ नका. आरोपीच्या वकिलालाही प्रत मिळायला हवी.

नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. आता हा वॉरंट खटला आहे आणि दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. आपलं म्हणणं त्या वेळी सरकारी वकिलांच्या हाती तयार असलं पाहिजे.

२. अपघात पुन्हा सांगू नका.

माझ्या पहिल्या मसुद्यात तीन पानं अपघाताचीच होती. वकिलांनी ती काढायला लावली. धडक कशी बसली हे साक्षीदार आणि पंचनामा सांगतात. निवेदनात नवा आरोप घुसवला, की आरोपीचा वकील त्यालाच धरतो आणि बाकीचं बाजूला राहतं. आपल्याला सांगायचं आहे ते धडकेनंतरचं.

३. मोठा शब्द खोडा, त्या जागी घटना लिहा.

‘आमचं कुटुंब उद्ध्वस्त झालं’ हे वाक्य आईनं सांगितलं तसंच मी उतरवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण प्रत्येक फाइलमध्ये असंच वाक्य असतं. मग आम्ही बसून लिहिलं: दादाचा पगार सव्वीस हजार, त्यातले नऊ हजार घराच्या हप्त्याला जायचे. हप्ते थकल्यावर बँकेची नोटीस आली. वहिनी आता कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पुतणी सातवीत आहे. शाळा महामार्गापलीकडे, आणि रस्ता ओलांडायला ती अजूनही कोणाचा तरी हात धरल्याशिवाय तयार होत नाही. आईचं वाक्य मात्र तिच्याच शब्दांत ठेवलं: ‘शिफ्ट सुटायच्या वेळेला मी दार लावत नाही.’ पगाराची पावती, बँकेची नोटीस, पुतणीच्या डॉक्टरांचा कागद सोबत जोडला. ज्याला कागद आहे त्याला कागद, ज्याला नाही ते तसंच सरळ.

४. काय हवं ते स्पष्ट मागा.

नुसत्या ‘कठोर शिक्षे’तून न्यायाधीशांना काही हाती लागत नाही. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. पहिली, आरोपीला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू नये. ३०४-अ मध्ये चालकांना अशी सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दलबीर सिंग खटल्यात सांगितलं आहे. दुसरी, मोटार वाहन कायद्याच्या कलम २० खाली त्याला परवान्यासाठी अपात्र ठरवावं. ही मागणी आईची होती, आणि मला ती सगळ्यांत न्याय्य वाटते. तिसरी भरपाई. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३९५. शिक्षेत दंड नसेल तर कोर्ट भरपाईचा आदेश देऊ शकतं. त्या रकमेला कायद्यात कमाल मर्यादा नाही, पण आरोपीची ऐपत बघतात. चालक स्वतःच पोटासाठी परमुलखातून आलेला; त्याच्याकडून लाखो रुपये येणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. मोठी रक्कम विम्याची, आणि तिचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो. तो चालू असेल तर निवेदनात लपवू नका.

५. हे निवेदन कोणी आपणहून मागणार नाही.

दिल्लीत उच्च न्यायालयानं २०२० मध्ये करण खटल्यात ठरवलं, की दोषी ठरवल्यावर विधी सेवा प्राधिकरणानं पीडित कुटुंबाच्या हानीचा अहवाल कोर्टाला द्यावा. आम्हाला इथे कोणी विचारलं नाही. २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडागली निकालात सर्वोच्च न्यायालयानं पीडिताच्या अशा निवेदनाची गरज मांडली आहे. त्याचा उल्लेख निवेदनात करा.

६. शिक्षा कमी वाटली तर काय?

भरपाई अपुरी असेल तर कुटुंबाला अपील करता येतं. शिक्षा वाढवण्यासाठी मात्र येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालक अ‍ॅलिस्टर परेराची तीन वर्षांची शिक्षा अपुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये म्हटलं, पण सरकारनं अपीलच केलं नव्हतं, म्हणून ती तेवढीच राहिली. निकालाची प्रत मिळाली की त्याच आठवड्यात सरकारी वकिलांना अपिलासाठी लेखी विनंती द्या आणि तिची पोच घ्या.