‘आजोळ’ची झाली ज्वारी

बेळगावातल्या ज्या दुकानात आमच्या लोणच्याच्या पहिल्या चार डझन बरण्या गेल्या होत्या, तिथून आठवड्याभराने फोन आला. दुकानदारांनी विचारलं, “ताई, यात ज्वारीचं काही असतं काय हो? कन्नड गिऱ्हाईक बरणी उचलतं, वाचतं आणि परत ठेवतं.”

आमच्या लोणच्याचं नाव ‘आजोळ’. मराठी माणसाला या एका शब्दात आजीचं स्वयंपाकघर दिसतं, म्हणूनच ते ठेवलं होतं. बेळगाव, निपाणी, धारवाड या भागांत माल जायचा म्हणून लेबलावर कन्नडही हवंच होतं. मी अक्षराला अक्षर लावून दिलं: आ, जो, ळ. चूक तिथेच झाली. कन्नडमध्ये ‘जोळ’ म्हणजे ज्वारी आणि ‘आ’ म्हणजे ‘ती’. शिवाय मराठीत शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण लिहितो पण उच्चारत नाही. कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारतात. त्यामुळे आमचं नाव तिथल्या माणसाने ‘आ जोळऽ’, म्हणजे ‘ती ज्वारी’, असंच वाचलं. शेवटच्या ळचा पाय मोडला असता तर उच्चार जवळ आला असता, तरी ज्वारी पूर्ण गेली नसती.

नावाच्या शेवटी अनुस्वार असेल तर आणखी एक फसगत होते. ‘आजीचं’ हे नाव कन्नड किंवा तेलुगूत जसंच्या तसं उतरवलं, तर शेवटचं टिंब ‘म्’ होतं आणि वाचणारा ‘आजीचम्’ म्हणतो. मराठी ‘च’चे दोन उच्चार आहेत, तेही कन्नडमध्ये लिहून दाखवता येत नाहीत. म्हणून माझं आता स्पष्ट मत आहे की ब्रँडचं नाव प्रत्येक लिपीत उतरवायचंच नाही. ते एका लिपीत, एकाच घडणीत राहू द्यावं. प्रत्येक भाषेत लिहायचं ते पदार्थाचं नाव. कन्नड गिऱ्हाइकाला ‘आजोळ’चा अर्थ कळायची गरज नाही, पण बरणीत ‘माविनकायी उप्पिनकायी’ आहे, म्हणजे कैरीचं लोणचं आहे, हे लगेच कळायला हवं.

दुसरी चूक मांडणीची होती. कोणत्याही भाषेचा अपमान नको, अशा भावनेने मी पुढच्या बाजूला मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशी चारही नावं सारख्याच आकारात छापली. बरणीचा व्यास 64 मिलीमीटर, म्हणजे घेर सुमारे 200. पण गोल बरणी समोरून पाहताना त्यातला जेमतेम 70 मिलीमीटरचाच भाग नीट वाचता येतो. लेबलाची उंची 60. एवढ्याशा जागेत चार नावं, चार पदार्थनावं आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह दाटीवाटीने बसवल्यावर एकही गोष्ट उठून दिसेना. दुकानात सहा फुटांवरून पाहिलं, तेव्हा आमची बरणी मलाच ओळखू आली नाही.

त्यात भाषांना वेगळेपण यावं म्हणून प्रत्येकीला वेगळा रंग आणि वेगळा फॉन्ट दिला होता. मराठी लाल, कन्नड हिरवं, इंग्रजी निळं. डोळा कुठे टेकवायचा, तेच कळत नव्हतं. आता लाल रंग फक्त ‘आजोळ’ या शब्दाला आहे, बाकी सगळा मजकूर एकाच गडद तपकिरी रंगात. फॉन्टही एकाच कुळातले घेतले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचं ‘अनेक’ हे कुटुंब यासाठी फार उपयोगी पडलं. त्यात देवनागरी, कन्नड, तेलुगू, तमिळ यांच्यासह नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहे, आणि अक्षरं अरुंद-रुंद करता येतात. कन्नड शब्द लांब पडला तर तो दाबून चपटा करावा लागत नाही, अरुंद वळण घेता येतं. मात्र ओळींमधलं अंतर मराठीपुरतं ठेवून चालत नाही. कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात. ‘उप्पिनकायी’तला दुसरा प पहिल्याच्या खाली बसतो, आणि आमच्या पहिल्या लेबलात तो खालच्या ओळीला टेकला होता.

टेकला होता तो निदान बरोबर तरी होता. घटकांच्या यादीत तर जोडाक्षरं फुटलीच होती. मी मजकूर युनिकोडमध्ये पाठवला, डीटीपीवाल्यांनी तो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला. तिथे भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी होत नव्हती, त्यामुळे खाली जाणारं अक्षर शेजारी आलं आणि वर मोडक्या पायाची खूण राहिली. मग फाइल कर्व्ह केली, म्हणजे अक्षरांची चित्रं झाली, आणि तपासायला मजकूर म्हणून काही उरलंच नाही. लिपी येत नसली तरी ही चूक पकडता येते. तोच मजकूर मोबाइलवर मोठा करून प्रूफशेजारी धरा आणि आकार मोजा. कर्व्ह करण्याआधी एकदा आणि केल्यावर पुन्हा एकदा.

कायद्याबाबतही माझा गैरसमज होता. देवनागरीत लिहिलं की झालं, असं मला वाटायचं. एफएसएसएआयच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा. मराठी त्याच लिपीत असली तरी ती हिंदीची जागा घेत नाही. इतर भाषांप्रमाणे ती जास्तीची म्हणून चालते, पण मूळ मजकुराशी विसंगत असता कामा नये. हे समजल्यावर जागा सुटली. सक्तीचं सगळं इंग्रजीत आहे, तर हिंदी कशाला? आमचा माल हिंदी मुलखात जात नाही. हिंदी काढून टाकली.

विसंगतीचा फटकाही आम्ही खाल्ला. मधल्या काळात तिळाच्या तेलाऐवजी शेंगदाणा तेल वापरायला लागलो. इंग्रजी आणि मराठी यादी बदलली, कन्नड तशीच राहिली. छापून आलेली पाच हजार लेबलं रद्दीत घातली. आता एका वहीत तिन्ही भाषांच्या याद्या शेजारी शेजारी आहेत, प्रत्येक घटकाला क्रमांक आहे. एक बदलला की त्या ओळीतले तिन्ही बदलल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

सध्याच्या लेबलावर पुढच्या 70 मिलीमीटरमध्ये 14 मिलीमीटर उंच ‘आजोळ’ आहे. त्याखाली पदार्थाचं नाव मराठी आणि कन्नडमध्ये, दोन्ही 5 मिलीमीटर, आणि त्याखाली इंग्रजी 3. हिरवं चिन्ह एका कोपऱ्यात. एवढ्या लहान पुढच्या बाजूला त्याच्या वर्तुळाचा व्यास किमान 3 मिलीमीटर आणि चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट लागते. डाव्या बगलेला इंग्रजीतला सगळा सक्तीचा मजकूर, उजव्या बगलेला मराठी आणि कन्नडमध्ये फक्त घटक आणि ‘कोरडा चमचा वापरा’ ही सूचना. लोणच्याचा दुसरा प्रकार आला की पदार्थाचं नाव आणि घटक बदलतात, जागा बदलत नाहीत.

तुम्ही परमुलखात माल पाठवणार असाल, तर प्रूफवर सही करण्याआधी ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाला लेबलाचा फोटो पाठवा. त्यात काय आहे ते आधी सांगू नका. फोनवर त्यांना मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, “या बरणीत काय असेल?”