खानावळीचा मसाला : खरेदी, कांडप आणि साठवण

पश्चिम महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत वर्षाची चटणी करून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. मिरच्या कडक उन्हात वाळवावयाच्या, देठ खुडावयाचे, डंकावर कुटून आणावयाच्या आणि तयार चटणी बरणीत दाबून भरून, वर हिंगाचे खडे ठेवून तोंड बांधावयाचे. घराला ही रीत मानवते, कारण घरातील मोठी बरणी महिन्यातून एकदोनदाच उघडते. खानावळीतील डबा मात्र दिवसातून अनेकदा, तोही वाफेने भरलेल्या स्वयंपाकघरात उघडला जातो. म्हणून वर्षाचा मसाला एकदम करून ठेवणारा खानावळवाला दिवाळीपर्यंत रंग आणि वास दोन्ही गमावून बसतो आणि मग बाजारातील स्वस्त पुडीकडे वळतो. भेसळीला वाव मिळतो तो बहुधा येथेच.

मसाल्याचा वास त्यातील उडून जाणाऱ्या तेलात असतो. अखंड दाण्यात हे तेल सूक्ष्म पेशींत बंद असते. दळताच पेशी फुटतात आणि तेल हवेला मोकळे होते. चांगल्या लवंगेत हे तेल वजनाच्या १५ टक्क्यांहूनही अधिक असू शकते, धन्यात ते बहुधा एक टक्काही नसते. त्यामुळे लवंगेची पूड थोडे दिवस दम धरते, धन्याची पूड मात्र लवकर निर्जीव होते. यावरून नियम निघतो तो असा की, साठा अखंड मसाल्याचा असावा आणि पूड आठवड्याची, फार तर पंधरवड्याची असावी.

दररोज शंभर ताटे वाढणारी एखादी खानावळ घेऊ. ताटामागे ५ ग्रॅम मिरचीपूड धरली तर रोज अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो पूड लागेल. त्यासाठी सुमारे ४ किलो देठासह मिरची घ्यावी लागते. पाव किलो देठांत जाते आणि जवळपास तेवढेच वाळवण्यात व कांडपात घटते. मिरचीचा भाव उदाहरणादाखल किलोला २५० रुपये आणि कांडपाचा खर्च १५० रुपये धरला, तर एकूण ११५० रुपयांत साडेतीन किलो पूड पडते. किलोला सुमारे ३२९ रुपये. आता त्याच प्रतीची म्हणून कोणी २४० रुपयांना पूड देऊ लागला, तर मधले ८९ रुपये कोठून आले, हा प्रश्न विचारावयास हवा. ते देठांतून, हलक्या वा डागी मिरचीतून आले असतील, कोंडा व विटकरीच्या भुकटीतून आले असतील, किंवा उणीव झाकणाऱ्या रंगातून. भाव रोज बदलतात, पण हा हिशेब प्रत्येक खरेदीच्या वेळी कागदावर मांडता येतो. भेसळ ओळखण्याची याहून सोपी कसोटी क्वचितच सापडेल.

पाण्याच्या कसोटीवर लोकांचा फार भरवसा असतो. पेल्यातील पाण्यावर मिरचीपूड टाकली आणि रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग आहे, असे समजावे. तळाशी खरखरीत गाळ बसला तर विटकरीची शंका घ्यावी. परंतु सुदान नावाचे बंदी असलेले रंग तेलात विरघळतात, पाण्यात नव्हे. रेघ उतरली नाही म्हणून पूड शुद्ध ठरत नाही. त्यांचा छडा प्रयोगशाळेतच लागतो.

अखंड मसालाही डोळे मिटून घेण्याजोगा नसतो. हळकुंडांना चमक आणण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य चोळले जाते, ही गोष्ट बांगलादेशातील हळदीविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणली. हळकुंड पाण्यात टाकताच भडक पिवळा रंग सुटू लागला तर तो माल परत करावा. सांगलीच्या बाजारात गुळगुळीत, झळाळत्या हळकुंडाला मान असतो. खानावळीने मात्र ते मोडून आतील रंग पाहावा.

मिरची घेताना पोत्याच्या तोंडाशी दिसणारा माल न पाहता हात खोल घालून मधली मूठ काढावी. चांगली वाळलेली मिरची हलविली की आत बिया खुळखुळतात. चामड्यासारखी मऊ लागून न मोडता दुमडणारी मिरची ओलसर असते. वाहतुकीत मोडू नये म्हणून किंवा वजन वाढावे म्हणून तिच्यावर पाणी मारलेले असू शकते. तेव्हा आपण पाण्याचे पैसे देतो, शिवाय बुरशीही घरी आणतो. मिरचीत ११ टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये, असे मानक आहे. दहा-बारा मिरच्या उभ्या चिरून आत करडी-पांढरी बुरशी आहे काय, ते पाहावे. तिच्यातून निर्माण होऊ शकणारे अफ्लाटॉक्सिन हे विष फोडणीच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. म्हणून डागी मिरची ‘भाजून घेऊ’ हा उपाय नव्हे. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी वा गुंटुरी असे मिश्रण केल्यास वरून रंग घालण्याची गरज उरत नाही.

लवंग पाण्यात टाकावी. तेल काढून घेतलेली लवंग तरंगते, भरीव लवंग तळाशी जाते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या वर राहतात. मात्र पोकळ मिरेही तरंगतात, तेव्हा वर आलेले दाणे फोडून पाहावेत.

कांडपासाठी सकाळची थंड वेळ चांगली. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात पूड तापते आणि वास गिरणीतच उडून जातो. संथ चालणारा डंक त्या मानाने बरा. आधीच्या गिऱ्हाइकाची पूड यंत्रात राहिलेली असते, म्हणून आपली पहिली मूठभर मिरची कुटून ती बाजूला काढावी. घरी आल्यावर कागदात गुंडाळलेले लोहचुंबक पुडीतून फिरवावे. झिजलेल्या यंत्राचा लोखंडी कीस त्याला चिकटतो. भाजलेले धने पूर्ण निवल्याशिवाय दळू नयेत. गरम पूड डब्यात कोंबली तर झाकणाखाली वाफेचे पाणी धरते, गुठळ्या होतात आणि दोष मात्र धन्यांना दिला जातो. परातीत पसरून, वर स्वच्छ फडके टाकून ती थंड होऊ द्यावी.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. हळकुंडावर टाचणीएवढी छिद्रे किंवा पोत्याखाली बारीक भुकटी दिसली तर कीड लागली, असे जाणावे व ते पोते लगेच वेगळे काढावे. पुडीसाठी दोन डबे ठेवावेत. मोठा, घट्ट झाकणाचा डबा अंधाऱ्या कोरड्या कोठीत आणि दिवसापुरता लहान डबा चुलीजवळ. लहान डब्यात उरलेली पूड मोठ्यात परत ओतू नये, कारण तिच्याबरोबर ओलावाही जातो. डब्यावर कांडपाची तारीख लिहावी.

सुट्या मसालापुडीची विक्री २०११ च्या नियमांनुसार करता येत नाही. पूड वेष्टनातच विकावी लागते. अखंड मसाला सुटा मिळतो, पण त्याचीही पावती घ्यावी. तपासणीत दोष निघाला तर माल कोठून आला, हे दाखविणारा तोच कागद असतो. संशय असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० अन्वये ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. पूड घरी आणून डब्यात ओतल्यानंतर केलेली तक्रार त्यामुळे लंगडी पडते.