आडनाव आधी, मग बाकी सगळं

व्हिसाचा अर्ज भरायला बसलीस की आधी पासपोर्ट उघडून समोर ठेव. दहावीच्या गुणपत्रिकेपासून ‘जोशी मेधा अनंत’ असं लिहायची आपल्याला सवय, म्हणून सरनेमच्या रकान्यात आपण सहसा चुकत नाही. गडबड होते ती गिव्हन नेमपाशी. तिथे हात नुसतं ‘मेधा’ लिहून थांबतो आणि वडिलांचं नाव कुठे घालायचं, हे कळत नाही.

उत्तर पासपोर्टवरच आहे. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. वरची ओळ अशी सुरू होते:

```
P<INDJOSHI<<MEDHA<ANANT<<<<
```

IND नंतर आडनाव येतं. दोन कोन लागोपाठ आले की आडनाव संपलं. त्यापुढचं सगळं गिव्हन नेम, आणि त्यातला एकटा कोन म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. म्हणून सरनेममध्ये JOSHI आणि गिव्हन नेममध्ये MEDHA ANANT, दोन्ही शब्द. वडिलांचं नाव म्हणून अनंत वेगळा काढायचा नाही. मिडल नेमचा स्वतंत्र रकाना असेल, तरच तो तिथे टाक. तिकिटावर MEDHAANANT असं जोडून छापून आलं तरी घाबरू नकोस, पुष्कळ विमान कंपन्यांच्या यंत्रणेत मोकळी जागा गळते.

लग्नानंतर घरी-दारी आडनाव बदललं, पण पासपोर्ट जुनाच असेल, तर अर्जातही जुनंच आडनाव. पासपोर्ट बदलून घेतला असेल, तर नवं. शेंगेन व्हिसाच्या अर्जात आडनावाखाली लगेच ‘सरनेम ॲट बर्थ’ असा रकाना येतो; माहेरचं आडनाव तिथे जातं. नवं-जुनं एकाच रकान्यात कोंबू नकोस.

खरी पंचाईत होते ती पासपोर्टवर सरनेमची जागा रिकामी असली आणि अख्खं नाव गिव्हन नेममध्ये छापलेलं असलं तर. अशा वेळी आपल्या मनाने शेवटचा शब्द तोडून आडनाव करायचं नाही. अमेरिकेच्या DS-160 अर्जात ते सगळं नाव सरनेममध्ये भरतात आणि गिव्हन नेममध्ये FNU लिहितात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. व्हिसावरही मग तसंच छापून येतं, आणि पुढे तिथल्या कागदपत्रांवर FNU हेच तुझं नाव होऊन बसायची भीती असते. दुसऱ्या देशाचा नियम हाच असेल असं धरू नकोस, त्या अर्जाच्या सूचना वाच. प्रवासाला अवकाश असेल तर आधी पासपोर्ट सेवा केंद्रात री-इश्यूचा अर्ज करून आडनाव वेगळं करून घे, मगच व्हिसाला हात घाल.

आणि सबमिट दाबण्याआधी पडद्यावरचं नाव तळाच्या त्या ओळीशी अक्षरागणिक ताडून बघ. आधारवर, पॅनवर काय आहे, ते इथे बघायचं नाही.